बांधकामाच्या बीओक्यूचं मराठी भाषांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी साइटवर मोजमापं घ्यायचो, आता बीओक्यूची, म्हणजे निविदेतल्या कामांच्या यादीची, भाषांतरं करतो. ग्रामपंचायतीचे सदस्य, सोसायटीच्या कमिटीतले लोक, छोटे ठेकेदार आणि या कामात नव्याने आलेले भाषांतरकार तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीची आहेत, कारण गावच्या शाळाखोलीपासून समाजमंदिरापर्यंत हाच नमुना हाती येतो.

१. बीओक्यू आणि अंदाजपत्रक एकच का?

नाही, पण दोन्ही एकाच मोजमापातून निघतात. अंदाजपत्रक हा मालकाने किंवा खात्याने काढलेला खर्चाचा हिशोब. त्यात लांबी-रुंदी-उंचीची मोजणी, वाहतुकीचा तक्ता आणि दरांचं पृथक्करण असं सगळं असतं. बीओक्यू म्हणजे त्यातून काढलेली कामांची यादी, जिच्यावर ठेकेदार दर भरतो आणि पुढे बिल निघतं. साइटवर तिला कुणी 'शेड्यूल बी' म्हणतं, कुणी नुसतं 'आयटमची यादी'. प्रत्येक ओळीत क्रमांक, दरसूचीतला संकेतांक, कामाचं वर्णन, परिमाण, एकक, दर आणि रक्कम असते. बिलावर वाद होतो तेव्हा याच ओळीतला शब्द न् शब्द वाचला जातो, म्हणून भाषांतराचं दुखणंही इथलंच असतं.

२. यातलं काय भाषांतरित करायचं आणि काय तसंच ठेवायचं?

वर्णन आणि टिपा मराठीत आणा. संकेतांक आणि आकडे हलवू नका. एकक मराठी अक्षरांत लिहायला हरकत नाही, पण ते बदलायचं नाही (प्रश्न ५). मी मूळ फाइलला हात लावत नाही. तिच्या प्रतीत वर्णनाच्या शेजारी एक नवा रकाना घालतो आणि मराठी तिथे लिहितो. वाचणाऱ्याला शंका आली की नजर डावीकडे नेऊन मूळ ओळ पाहता येते. मराठी रकान्याच्या माथ्यावर 'समजण्यासाठी. वाद झाल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य' असं लिहितो. हे वाक्य नसलं की एखादा ठेकेदार मराठीच पुढे करतो, आणि त्याचं तरी काय चुकलं?

३. `Bd.A.1` ला 'बीडी.ए.१' लिहिलं तर काय बिघडतं?

तो संकेतांक शोधायचा पत्ता आहे. `Bd` म्हणजे इमारत काम, पुढचं अक्षर कामाचा गट सांगतं आणि आकडा त्या गटातली बाब. खात्याच्या मानक विनिर्देशांचं पुस्तक, ज्याला सगळे 'रेड बुक' म्हणतात, त्यात याच पत्त्यावर काम कसं करायचं, कसं मोजायचं आणि दरात काय धरलंय ते सविस्तर दिलेलं असतं. बीओक्यूतली तीन ओळींची बाब हा त्याचा सारांश. अक्षरांचं लिप्यंतर केलं की पुस्तकात, पीडीएफमध्ये, दरसूचीत कुठेही ते शोधून सापडत नाही. पुन्हा 'बीडी', 'बी.डी.' आणि 'बिडी' अशी तीन रूपं एकाच फाइलमध्ये येतात ती वेगळीच.

४. एक्सेलमध्ये काम करताना संकेतांक आणि आकडे आपोआप बदलतात. काय करावं?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत याचा चटका जास्त बसतो, कारण तिथले संकेतांक नुसते आकडे असतात. तिथे `2.1` म्हणजे पृष्ठभागावरचं उथळ खोदकाम आणि `2.10` म्हणजे पाइप-केबलसाठी चर खोदणं. एक्सेलला `2.10` हा आकडा वाटतो, तो शेवटचं शून्य गाळतो आणि चराची ओळ उथळ खोदकामाच्या पत्त्यावर जाऊन बसते. `1-2` असा उपक्रमांक असेल तर त्याची तारीख होते. काहीही चिकटवण्याआधी तो रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. आधी चिकटवून मग प्रकार बदलला तर गेलेलं शून्य परत येत नाही.

आकड्यांचं उलटं आहे. परिमाणाच्या रकान्यात देवनागरी अंक टाइप केले की एक्सेल ते मजकूर म्हणून धरतो आणि बेरजेत घेत नाही. बेरीज चुकल्याचं कळतही नाही, फक्त एकूण रक्कम कमी दिसते. आकडे मूळचेच राहू द्या. ते देवनागरीत *दिसायला* हवे असतील तर फक्त स्वरूप बदला:

```
[$-4000439]0.00
```

५. आमच्याकडे सगळे ब्रासमध्येच बोलतात. घनमीटरचं ब्रास करून दिलं तर सोयीचं नाही का?

ऐकायला सोयीचं आहे, पण ओळीत ते करू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून हिशोबच मांडतो.

समजा पायाचं खोदकाम ४५ घ.मी. आहे आणि दर घनमीटरला २०० रुपये. रक्कम ९,००० रुपये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घ.मी. तेव्हा ४५ घ.मी. चे १५.९ ब्रास झाले. आता भाषांतरकाराने परिमाणाच्या जागी १५.९ ब्रास लिहिलं आणि दर २०० च राहिला, तर रक्कम ३,१८० रुपयांवर आली. दरही बदलून ५६६ केला तर हिशोब जुळतो, पण मग तो दर दरसूचीत कुठेच सापडत नाही. तपासणारा विचारणार, हा दर आला कुठून?

त्यात ब्रासचा आणखी एक घोटाळा आहे. वाळू, खडी, खोदकाम यांत ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण गिलावा, फरशी, रंगकाम यांत मिस्त्री ब्रास म्हणतो तेव्हा त्याला १०० चौरस फूट म्हणायचं असतं, म्हणजे सुमारे ९.२९ चौ.मी. नुसतं 'ब्रास' लिहिलेल्या ओळीत कोणता ब्रास, हे कामावरूनच ओळखावं लागतं.

म्हणून ओळीत 'घ.मी.' च लिहा आणि शेरा रकान्यात 'सुमारे १५.९ ब्रास, फक्त माहितीसाठी' असं टाका. मजूर ठेकेदाराला बोलायला तेवढं पुरतं.

६. एककांच्या लघुरूपांत कुठे फसायला होतं?

`MT` ला मीटर समजण्यात. ते मेट्रिक टन आहे आणि बहुतेक सळईच्या ओळीत येतं. `RMT` मात्र रनिंग मीटर आहे, त्याचा टनाशी संबंध नाही. दोन्ही एकाच पानावर असले की डोळा हमखास घसरतो, म्हणून मी 'मे.टन' आणि 'रनिंग मी.' असं पूर्ण लिहितो. `No.` एककाच्या रकान्यात आलं तर 'नग', 'क्र.' नव्हे. `LS` म्हणजे ठोक रक्कम, तिथे मोजमाप होत नाही. वर्णनातलं `M20` हे एकक नाहीच. तो काँक्रीटचा दर्जा आहे: २८ दिवसांनी घनाची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. त्याला 'मी. २०' लिहिलेलं मी पाहिलं आहे.

`RO` हे लघुरूप कमी भेटतं, पण त्याचा अर्थ कळला नाही तर पैसे बुडतात. त्याचा अर्थ 'फक्त दर'. काम लागेल की नाही हे ठरलेलं नाही, पण लागलंच तर कोणत्या दराने, हे आधीच घेऊन ठेवायचं. परिमाण कोरं असतं आणि रक्कम बेरजेत धरत नाहीत. मराठीत 'केवळ दर द्यावा, रक्कम बेरजेत धरू नये' असं पूर्ण वाक्य लिहा.

७. एक आख्खी ओळ मराठीत कशी आणायची ते दाखवाल का?

सगळ्यांच्या ओळखीची ओळ घेऊ: `Bd.A.1`, पायाचं खोदकाम. मूळ इंग्रजीत ते एकच लांबलचक वाक्य आहे, स्वल्पविरामांवर स्वल्पविराम. एका नवख्याने केलेलं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं, त्यात 'लीड' चं 'शिसे' झालं होतं, 'लिफ्ट' चं 'उद्वाहक' आणि 'बेड' चा 'बिछाना'. पायाच्या चरात बिछाना घालून उद्वाहकाने शिसं नेणारा ठेकेदार कुठे मिळेल ते मलाही सांगा.

साइटवर लीड म्हणजे माल आडवा किती लांब न्यायचा ते अंतर आणि लिफ्ट म्हणजे उभा किती वर काढायचा ती उंची. हे शब्द मराठी मजुरांच्या तोंडात इतके रुळले आहेत की मी ते तसेच ठेवतो आणि पहिल्यांदा येतील तिथे फोड करतो. माझी ओळ अशी होते:

> सर्व प्रकारची माती, वाळू, रेव व मऊ मुरूम यांत पायासाठी खोदकाम करणे. लिफ्ट (उभी उचल) १.५ मी. पर्यंत.
> दरात धरलेले: निघालेला माल इमारतीच्या जागेबाहेर ५० मी. पर्यंत नेऊन सांगितल्याप्रमाणे रचणे व पसरणे, पाणी उपसणे, पायाचा तळ तयार करणे, लागेल तेवढी भर घालून, पाणी मारून धुमस करणे, बाजू ढासळू नयेत म्हणून फळ्या व टेकू देणे, हे सर्व पूर्ण.

यातले तीन तुकडे पैशांचे आहेत. 'मऊ मुरूम' मधला 'मऊ' गेला तर कठीण मुरूमही याच दरात खोदायचा असा अर्थ निघतो, आणि कठीण मुरमाची बाब वेगळी असते. '१.५ मी. पर्यंत' गळलं तर त्याखालच्या खोलीचा जादा दर मागता येत नाही. आणि 'पाणी उपसणे' च्या जागी 'पाण्याचा निचरा' लिहिलं तर ठेकेदार म्हणतो, निचरा म्हणजे चरी काढणं, पंपाचं भाडं वेगळं द्या. पावसाळ्यात पायात पाणी साठलं की हा वाद ठरलेलाच. मूळ ओळीत पंप लावून पाणी काढणं दरातच आहे, तेव्हा मराठीतही 'उपसणे' च हवं.

८. 'सह' आणि 'वगळून' नेमके कुठे लिहायचे?

इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. आर.सी.सी. खांबांची ओळ होती. काँक्रीट पुरवून टाकणे, त्यात सेंट्रिंग, व्हायब्रेटर मारणे, पाणी मारणे धरलेलं. सळई तेवढी वेगळी, कारण तिची बाब टनावर स्वतंत्र. मी लिहून गेलो: 'सेंट्रिंग, व्हायब्रेटर, पाणी मारणे व सळईची किंमत वगळून'.

इंग्रजीत वगळण्याचा शब्द सळईच्या आधी येतो, त्यामुळे तो फक्त तिलाच लागतो. मराठीत 'वगळून' यादीच्या शेवटी येतं आणि मागच्या सगळ्यांना कवेत घेतं. माझ्या वाक्याप्रमाणे सेंट्रिंगही दराबाहेर गेलं. मजूर ठेकेदाराने स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगचे पैसे वेगळे मागितले आणि पुरावा म्हणून माझंच पान पुढे धरलं. त्याचं वाचन बरोबर होतं, लिहिणं माझं चुकलं होतं.

तेव्हापासून मी लांब ओळ एका वाक्यात लिहीत नाही. वर्णन, मग 'दरात धरलेले:', मग 'दरात न धरलेले:' असे तीन तुकडे पाडतो. मूळ मजकूर असा तोडलेला नसतो, हे मान्य. पण अर्थ टिकवायचा असेल तर वाक्य मोडावंच लागतं.

९. शुद्ध मराठी शब्द वापरावेत की साइटवरचे?

वाचणारा ज्या शब्दाने काम करतो तो. 'परांची' सगळ्यांना कळते, ती लिहा. 'गिलावा', 'जोते', 'दरजा भरणे', 'डबर' हे शब्द साइटवर जिवंत आहेत. पण सेंट्रिंगला 'आधारसाचा' आणि काँक्रीटला 'संधानक' लिहून काय साधतं? मुकादम पान बाजूला ठेवतो आणि इंग्रजीच मागतो.

काही शब्द मात्र आपल्याकडचे म्हणूनच नीट हाताळावे लागतात. 'नीरू' त्यांतला एक. गाळीव चुन्याच्या लगद्याचा गुळगुळीत शेवटचा हात म्हणजे नीरू. दरसूचीत आतल्या गिलाव्याच्या बाबी 'नीरूसह' आणि 'नीरूविना' अशा जोडीने येतात, दर वेगळे. 'सर्व ठिकाणी नीरू फिनिश न करता' असं लिहिलं तर 'काही ठिकाणी करायचा का?' असा प्रश्न येतो. त्यापेक्षा 'नीरू नाही' हे दोनच शब्द स्वतंत्र वाक्यात लिहा. त्याच ओळीतलं 'सर्व ठिकाणी' म्हणजे भिंत असो वा छत, कोणत्याही उंचीला, दर तोच.

१०. मोजमापाच्या टिपांचं भाषांतर खरंच लागतं का? त्या तर मागच्या पानावर असतात.

लागतं. त्या टिपा परिमाण ठरवतात. गिलाव्याचं उदाहरण घ्या. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाच्या १२व्या भागात दारं-खिडक्यांच्या वजावटीचे नियम आहेत. ०.५ चौ.मी. पर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट नाही. ०.५ ते ३ चौ.मी. मध्ये दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट करायची आणि आतल्या कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. ३ चौ.मी. च्या वर दोन्ही बाजू वजा, पण कडा जमेला.

४ मी. लांब, ३ मी. उंच भिंत, तिच्यात १ × २.१ मी. चं दार. दोन्ही बाजू मिळून २४ चौ.मी. दार २.१ चौ.मी. चं, म्हणजे मधल्या गटातलं. एक बाजू वजा केली की २१.९ चौ.मी. उरतात. टिपेत 'एका बाजूची' ऐवजी 'प्रत्येक बाजूची' असं आलं तर १९.८ होतात. एका दारामागे २.१ चौ.मी. आणि शाळेत दारं-खिडक्या किती असतात ते मोजून पाहा. अशी टीप मी त्या बाबीच्या शेऱ्यातच आणतो, मागच्या पानावर सोडत नाही.

११. 'एंजिनिअर-इन-चार्ज' ला 'प्रभारी अभियंता' लिहिलं तर चालेल?

सरकारी कागदांत चालतं, पण आपल्याकडे 'प्रभारी' म्हटलं की दुसऱ्याच्या खुर्चीवर तात्पुरता बसलेला, असंच डोळ्यांसमोर येतं. एका सदस्याने मला विचारलंही होतं, 'कायमचे साहेब आल्यावर मग कुणाचं ऐकायचं?' मी 'कामाचे अभियंता' लिहितो आणि पहिल्या पानावर त्याची व्याख्या देतो.

१२. 'वरीलप्रमाणे, पण १५ मि.मी. जाड' अशा ओळींचं काय करायचं?

'वरील' कोणती ते शोधून पूर्ण वर्णन पुन्हा लिहा, आणि जो भाग बदलला तो ठळक करा. कमिटी फाइल छापताना किंवा तिला फिल्टर लावताना ओळी पुढे-मागे होतात आणि मग 'वरीलप्रमाणे' भलत्याच ओळीला चिकटतं. केंद्रीय दरसूचीत मुख्य शीर्षक एकदाच येतं आणि खाली नुसते उपप्रकार असतात, तिथेही हेच. `2.10` चं शीर्षक त्याच्या प्रत्येक उपबाबीत थोडक्यात आणा. फाइल लांबते, पण प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी कळते.

१३. मूळ बीओक्यूतच चूक दिसली तर दुरुस्त करू का?

करू नका. समजा गिलाव्यापुढे ३१२ `cum` छापलंय. हे `sqm` असणार, हे कुणालाही कळतं. तरी मराठीत 'घ.मी.' च लिहा आणि शेऱ्यात 'मुळात असेच, चौ.मी. असावे, खात्री करावी' असं टाका. परिमाण गुणिले दर ही रक्कम जुळत नसेल तरी हेच करा. दुरुस्ती करायचा अधिकार निविदा काढणाऱ्याचा, आणि तो ती शुद्धिपत्रकाने करतो. निविदापूर्व बैठकीच्या आधी अशा शंकांची यादी वेगळ्या कागदावर दिली तर ठेकेदाराला ती तिथे विचारता येते. शुद्धिपत्रक आलं की मराठी प्रतीतली तेवढीच ओळ बदला आणि तिच्यासमोर शुद्धिपत्रकाची तारीख लिहा.

१४. ई-निविदेची फाइल मराठी करून तीच चढवता येईल का?

नाही. पोर्टलवरून उतरवलेली बीओक्यूची एक्सेल फाइल कुलूपबंद नमुना असते. ठेकेदाराने फक्त ठरलेल्या खान्यांत दर आणि नाव भरायचं. रकाना वाढवला, ओळ घातली किंवा फाइलचं नाव बदललं तर बोली बाद होऊ शकते. तेव्हा प्रश्न २ मध्ये सांगितलेली मराठी प्रत घरी ठेवा, तिच्यावर दर ठरवा आणि मूळ फाइलमध्ये दर भरताना अनुक्रमांक आणि संकेतांक दोन्ही जुळवून पाहा. एकदा एका ओळखीच्या ठेकेदाराने मराठी प्रत नीट लावायची म्हणून कामाच्या गटांप्रमाणे ओळी फिरवल्या आणि मग वरून खाली दर उतरवत गेला. फरशीचा दर त्याने खिडक्यांच्या ग्रिलला भरला होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, फाइल चढवायच्या आधी, त्याच्या मुलीच्या ते लक्षात आलं.